अभनपुरचा ओला रस्ता

पहिलं चित्र मी सेठजींना मोबाईलवर दाखवलं तेव्हा त्यांनी ते दोन बोटांनी मोठं केलं, परत लहान केलं आणि एकच वाक्य बोलले, "ये हमर अभनपुर नोहय, भैया."

छत्तीसगढीत 'नोहय' म्हणजे नव्हे. माझ्या सगळ्या कारागिरीचा निकाल त्या एका शब्दात लागला होता.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीत जे येईल ते. बाबा याच धंद्यात होते, पण ब्रशवाले. पत्र्यावर रंगवायचे. जूनच्या सुरुवातीला अभनपुरहून एका छत्री-रेनकोटवाल्या सेठजींचा फोन आला. धमतरी रोडवर वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच होर्डिंग त्यांनी चार महिन्यांसाठी घेतलं होतं. त्यांना हवं होतं 'बारिश वाला सीन': ओला रस्ता, त्यात दिव्यांची चमक, उजळलेली दुकानं आणि मधोमध त्यांची छत्री. मॉडेल, फोटोग्राफर, पाण्याचा टँकर असला खर्च त्यांना परवडणारा नव्हता. सिनेमावाले रात्रीच्या शूटिंगआधी रस्ता टँकरने भिजवतात. कोरडा डांबरी रस्ता कॅमेऱ्यात नुसता काळा दिसतो, ओला झाला की प्रत्येक दिव्याची शेपटी त्यात उतरते. आमच्याकडे टँकर नव्हता. चित्र बनवणारं सॉफ्टवेअर होतं, आणि त्यात काय लिहायचं ते मला येतं असा माझा समज होता. मी लिहिलं ते असं:

```
rainy street at night, wet reflections, glowing shop lights,
person with umbrella, cinematic
```

आलेलं चित्र देखणं होतं. दोन्ही बाजूंना दहा-बारा मजली इमारती, गुलाबी आणि निळ्या निऑनच्या उभ्या पाट्या, त्यांवर ना जपानी ना चिनी अशी अक्षरं, आणि पारदर्शक प्लास्टिकची छत्री घेतलेली पाठमोरी मुलगी. रस्ता आरशासारखा. पारदर्शक छत्री अभनपुरात कोणी विकत नाही आणि कोणी घेतही नाही.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. 'पाऊस, रात्र, ओला रस्ता, दुकानांचे दिवे' या शब्दांखाली जगात ज्या फोटोंचा ढीग पडला आहे, तो बहुतेक तोक्यो आणि न्यूयॉर्कचा. शब्द ढोबळ असले की त्या ढिगाची सरासरी हातात येते. 'सिनेमॅटिक' म्हटलं की सावल्या हिरवट-निळ्या आणि दिवे नारिंगी होतात, कारण तशा रंगवलेल्या चित्रांनाच लोक तो शब्द चिकटवतात. मी 'no neon' असं लिहून पाहिलं, तर निऑन वाढलं. लहान मुलाला 'पांढऱ्या माकडाचा विचार करू नकोस' म्हणण्यातलाच हा प्रकार. या कामात नकार फार कमी चालतो. जे नको ते सांगण्याऐवजी त्या जागी काय असावं ते सांगावं लागतं. आणि ते सांगायला मला ठाऊकच नव्हतं.

जन्मापासून रायपूरला असून अभनपुरचा रस्ता मी कधी नीट पाहिला नव्हता. लहानपणी नॅरो गेजच्या छोट्या गाडीने माघ पौर्णिमेच्या राजिमच्या मेळ्याला जायचो तेव्हा गाडी अभनपुरला थांबायची, तिथून एक फाटा धमतरीला आणि दुसरा राजिमला. तेव्हाचं अभनपुर म्हणजे खिडकीतून दिसणारी भजी आणि चिंचा. नंतर ते धमतरीला जाताना मागे टाकायचं गाव झालं. आता तर त्या छोट्या रुळांच्या जागी शहरात एक्सप्रेसवे झालाय, आणि मार्च २०२५ पासून अभनपुरला ब्रॉडगेजची मेमू येते. सेठजींच्या त्या 'नोहय'नंतर दोन दिवसांनी दुपारी आभाळ भरलं तेव्हा मी मोटरसायकल काढली. तीसेक किलोमीटर.

साडेसहाला पोचलो. पाऊस नुकताच ओसरून भुरभुर उरली होती. जूनमध्ये तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. सेठजींनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी वही घेऊन दुकानाच्या पायरीवरच बसलो आणि जे दिसेल ते लिहीत गेलो.

पहिला धक्का दिव्यांचा. मी मनात धरून बसलो होतो की दुकानांचा उजेड सोनेरी असतो. समोर ठेला धरून चौदा दुकानं होती. त्यातल्या बारांत पांढऱ्या एलईडी ट्यूब, तीही निळसर झाक मारणारी. मोबाईलवाला, औषधवाला, किराणा, कपडे, सगळा उजेड दुधासारखा. पिवळा उजेड दोनच ठिकाणी: मिठाईच्या काचेच्या कपाटात, कारण पिवळ्या उजेडात पेढा ताजा दिसतो, आणि कोपऱ्यावरच्या गुपचुपच्या ठेल्यावर लटकलेल्या एका बल्बचा. (पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ते नाव सांगितलं की ते हसतात, आणि खायला लागले की खरोखर गुपचूप होतात.) म्हणजे जाहिरातीत जी ऊब हवी होती ती गावभर नव्हतीच, रस्त्यावर एका ठेल्यापुरती होती. मी वहीत तेवढंच लिहिलं: सगळं पांढरं, एक पिवळा.

दुसरा धक्का रस्त्याचा. तो आरसा नव्हता. मधला पट्टा घासलेल्या डांबराचा, दोन्ही कडांना लाल माती आणि चिखल, दुकानांसमोर सिमेंटचे उतार. चिखलात काहीच उमटत नव्हतं. सिमेंटवर पांढुरका धूसर डाग. डांबरावर मात्र प्रत्येक दिव्याखाली एक लांब पट्टा सरळ माझ्याकडे आलेला. तो तसा का येतो हे त्या पायरीवर बसूनच कळलं. डांबर खडबडीत असतं, त्याच्या हजारो बारीक उंचवट्यांवर पाण्याची पातळ साय धरते, आणि प्रत्येक उंचवटा त्याच दिव्याचा एकेक ठिपका थोड्या वेगळ्या जागेवरून आपल्याकडे टाकतो. ते सगळे ठिपके मिळून पट्टा होतो. दिवा आणि बघणारा यांच्यामधल्या रेषेवरच तो लांबतो, आडवा पसरत नाही. पायरीवरून उठून उभा राहिलो तर पट्टे फिके पडले, परत बसलो तर उजळले. पाण्याकडे जितकं तिरपं आणि जमिनीलगत पाहावं तितकं ते जास्त परत फेकतं. म्हणजे कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर हवा. माझ्या पहिल्या प्रॉम्प्टमध्ये कॅमेरा कुठे आहे याचा पत्ताच नव्हता.

डबकं एकच होतं, ठेल्यासमोर, चारेक हात लांब. त्यात चित्र स्पष्ट उमटत होतं, पण फक्त पाऊस अगदी बारीक झाल्यावर. मधेच सर जोरात आली तर डबक्यात वर्तुळंच वर्तुळं आणि चित्राच्या चिंध्या. जाहिरातवाल्यांना मुसळधार पाऊस आणि आरशासारखं डबकं एकाच चित्रात हवं असतं. दोन्ही एकत्र नसतात. छत्री उघडी ठेवायला निमित्त म्हणून रिमझिम ठेवावी, त्याहून जास्त नको. शिवाय पावसाच्या धारा सगळीकडे दिसत नाहीत. मागून उजेड असेल तिथेच त्या चमकतात. त्या संध्याकाळी त्या दिसत होत्या फक्त ठेल्याच्या बल्बसमोर, हातभर जागेत.

बाबा हे जाणून होते. पत्र्यावर पाऊस रंगवायचा तर अख्ख्या चित्रावर पांढऱ्या रेघा ओढणाऱ्या शिकाऊ पोराला ते ओरडायचे. स्वतः शेवटी कोरड्या ब्रशने फक्त कंदिलाभोवती चार फटकारे मारायचे. मी ते शंभरदा पाहिलं होतं. त्याचं कारण मात्र अभनपुरच्या पायरीवर कळलं.

सात वाजून दहा मिनिटांनी आभाळ गडद निळं झालं आणि दुकानांच्या उजेडाशी त्याची बरोबरी झाली. ही वेळ जेमतेम पंधरा मिनिटं टिकते. त्याआधी दिवे फिके वाटतात, नंतर आभाळ काळं होऊन छपरांच्या कडा त्यात हरवतात. 'रात्र' हा शब्द मी तिथेच खोडला.

त्या पंधरा मिनिटांत एक शाळकरी मुलगा सायकल ढकलत गेला. अंगात पिवळा रेनकोट, आणि पाठीवर दप्तराच्या जागी शिवलेला फुगा, त्यामुळे तो लहानसा उंट दिसत होता. सेठजी म्हणाले, "मेरे यहाँ का है. नया है, घड़ी देखो." खरंच, पीव्हीसीच्या त्या कोटावर पाकिटातल्या घडीचे चौकोन तसेच उमटलेले होते, आणि प्रत्येक घडीच्या कडेवर उजेडाची बारीक रेघ. जाहिरातीतले रेनकोट नेहमी इस्त्री केल्यासारखे गुळगुळीत. तो कोट कपड्यासारखा मऊ चमकत नाही, काचेसारखा तुकड्या-तुकड्यांनी चमकतो. शेतावरून परतणारा एक म्हातारा डोक्यावर बांबूची खुमरी घालून त्या पोराच्या बाजूने गेला. कोकणात आमच्या आजोळी इरलं असायचं, हे त्याचंच दूरचं भावंड. ती चित्रात घ्यायचा मोह मी आवरला. सेठजी खुमरी विकत नाहीत.

घरी येऊन प्रॉम्प्ट नव्याने लिहिला:

```
main road of a small town in Chhattisgarh, India,
25 minutes after sunset, deep blue sky, light drizzle.
Camera at knee height. Single-storey shops, rolling shutters,
cool white LED tubes, plain blank signboards.
One snack cart with a single warm yellow bulb, right of centre,
rain visible only near the bulb.
Worn wet asphalt, red mud edges, one shallow puddle.
Light streaks run straight toward the camera.
Left third dark and quiet. Middle of the road empty.
```

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांमागे दोन निर्णय होते. डावा भाग रिकामा, कारण तिथे अक्षरं यायची. अक्षरं सॉफ्टवेअरकडून कधी काढून घ्यायची नाहीत, देवनागरी तर नाहीच. काना एका जागी, वेलांटी भलत्या जागी, आणि जोडाक्षर म्हणजे जिलबी. पाट्या कोऱ्या मागवून नावं मी माझ्या हाताने टाकतो. रस्त्याचा मधला भाग रिकामा, कारण छत्री खरी असणार होती.

हे मी सेठजींना आधीच सांगितलं होतं. सॉफ्टवेअरने काढलेल्या छत्र्या मी मोठ्या करून मोजल्या. साध्या छत्रीला आठ काड्या असतात. चित्रात एकीला अकरा, एकीला डावीकडे पाच आणि उजवीकडे तीन, एकीचा दांडा कापडाच्या मध्यातून न निघता हातभर बाजूने निघालेला. लांबून कोणाला कळणार नाही हे खरं. पण जो माल दाखवला तो दुकानात नसेल तर ती फसवणूक, आणि ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे. सेठजींना कायद्याची नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडाची भीती होती. त्यांनी माल पुढे केला: गडद निळी छत्री. गोदामात तीच जास्त पडून होती. निळ्या आभाळावर निळी छत्री म्हणजे काळ्या म्हशीवर काळा कावळा. म्हणून तर ठेला उजवीकडे मध्याजवळ आणला: छत्रीची कड त्या पिवळ्या उजेडावर यावी.

तिसऱ्या प्रयत्नात रस्ता आला. पूर्ण अभनपुर नव्हता, पण 'नोहय' म्हणावं असाही नव्हता. एक चूक होती. औषधाच्या दुकानाचा पट्टा त्या दुकानाखाली नसून चार फूट डावीकडे होता. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे चित्र उलटं करणं. सरळ चित्रात डोळा दुकानांकडे पळतो आणि खालची चूक माफ करतो. उलटं केलं की प्रतिबिंब वर येतं आणि कुठला दिवा कोणाचा ते लगेच जुळवता येतं. तो पट्टा मी पुसला आणि जागेवर नवा ओढला.

खरा घोळ डबक्यात झाला. छत्रीचा फोटो आम्ही सेठजींच्या मागच्या अंगणात काढला. कॅमेरा दीड फुटावर, कारण रस्त्याचं चित्र त्याच उंचीचं मागितलं होतं. उंची चुकली तर माणूस रस्त्यावर उभा न दिसता चिकटवलेला दिसतो. मागे उजवीकडे पिवळा बल्ब, समोर पांढरी ट्यूब, म्हणजे रस्त्यावर होता तसाच उजेड. कापडावर पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून फवारलं, म्हणजे थेंब ओघळत नाहीत. माझा भाचा छत्री घेऊन उभा. फोटो छान आला, रस्त्यावर बसला. मग मी नेहमीसारखी त्याची नक्कल उलटी करून डबक्यात टाकली, थोडी पुसट केली, आणि चित्र पाहतच राहिलो. काहीतरी खोटं होतं, बोट ठेवता येईना.

रात्री अंगणात परातीत पाणी ओतून शेजारी छत्री धरायला भाच्याला उठवलं. पोरगं झोपेत शिव्या देत होतं. परातीत पाहिलं आणि उलगडलं. पाण्यात छत्रीचा वरचा भाग नव्हताच, आतला होता. काड्या, मध्याची कळ, भाच्याची हनुवटी. पाणी आपल्याला जमिनीखालून वर बघायला लावतं. मी डबक्यात छत्रीची पाठ दाखवत होतो, आणि पाण्याला दिसतं तिचं पोट.

ते पोट कुठून आणायचं? कॅमेरा जमिनीखाली दीड फूट पुरता येत नाही. मग माणूस वर चढवायचा. कॅमेरा जमिनीपासून दीड फुटावर ठेवला आणि भाच्याला तीन फुटी टेबलावर उभं केलं, तर कॅमेरा त्याच्या पायांच्या दीड फूट खाली येतो. पाण्याला हवा तोच कोन. दुसऱ्या दिवशी तसाच फोटो काढला, उलटा केला, पायाला पाय जुळवून डबक्यात ठेवला, रंग गडद केला आणि उभ्या दिशेने किंचित हलवून पुसट केला. डबक्यात आठच्या आठ काड्या आल्या. कोणाला त्या दिसल्या असतील असं वाटत नाही. पण चित्र खोटं वाटायचं थांबलं.

पुढचं काम हिशेबाचं. सॉफ्टवेअरने दिलेलं चित्र १५३६ बाय १०२४ ठिपक्यांचं. होर्डिंग वीस बाय दहा, म्हणून वरखाली कापून १५३६ बाय ७६८. वीस फूट म्हणजे २४० इंच, म्हणजे इंचाला साडेसहा ठिपकेसुद्धा नाहीत. चौपट वाढवलं तर इंचाला पंचवीस. रस्त्यापलीकडून गाडीतून पाहायला एवढं पुरतं. वाढवताना डांबराच्या जागी कातडीसारख्या सुरकुत्या आल्या होत्या, त्यावर बारीक दाणा टाकून त्या झाकल्या. छत्रीचा फोटो खऱ्या कॅमेऱ्याचा असल्यामुळे तो मुळातच स्वच्छ होता, आणि ते बरंच झालं. डोळा आपोआप मालावर जातो.

सेठजींनी स्क्रीनवर पाहिलं तेव्हा काही बोलले नाहीत. मिठाईवाल्याला हाक मारून बोलावलं. त्याने पाहून विचारलं, यात आपलं कपाट कुठे आहे? चित्र पास झालं असं मी धरलं.

हरेलीच्या आधी, आषाढातच, होर्डिंग लागलं. आठवड्याने सेठजींचा फोन आला. गिऱ्हाईक येतंय, पण कोणी निळी छत्री मागत नाही. सगळे बोट दाखवून म्हणतात, तिकडे फ्लेक्सवर आहे ती बैंगनी द्या.

मी गाडी काढून गेलो. धमतरी रोडवर उभा राहून वर पाहिलं. पडद्यावरचा गडद निळा फ्लेक्सच्या शाईत उतरताना जांभळा झाला होता. हे नेहमी होतं. पडद्यावरचा निळा उजेडाचा असतो, फ्लेक्सवरचा निळा निळसर आणि गुलाबी शाई मिसळून येतो, आणि गुलाबी थोडी जास्त पडली की जांभळा. तो निळा वाचवायचा तर गुलाबी शाई आधीच उतरवावी लागते. पंधरा वर्षं मी पोरांना हे शिकवतोय. डबक्यातल्या काड्या मोजण्याच्या नादात माझ्याकडून छपाईआधी फूटभर नमुना काढून पाहायचा राहिला होता.

दुसरा फ्लेक्स माझ्या खर्चाने काढतो म्हणून सांगायला दुकानात गेलो, तर सेठजी फोनवर होते. रायपूरच्या घाऊकवाल्याला विचारत होते, "बैंगनी में कितना दर्जन पड़ा है?"